गोळ्या की ऑपरेशन: तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, अपेंडिक्स आता नुसत्या अँटिबायोटिकनं बरं होतं असा मेसेज आलाय. मग तुम्ही ऑपरेशनच का सांगता? कापाकापीची हौस आहे का?"

होतं बरं. हे मीच आधी सांगते, म्हणजे मी काही लपवते असं कुणाला वाटायला नको. 2015 साली फिनलंडच्या सर्जननी 530 रुग्णांवरचा अभ्यास छापला. अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी साधारण 27 टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावं लागलं आणि पाच वर्षांत हा आकडा 39 टक्क्यांवर गेला. म्हणजे शंभरातल्या साठांचं अपेंडिक्स पाच वर्षांनंतरही जागेवर होतं. मी शिकत होते तेव्हा 'निदान झालं की काढायचं' हा नियम होता आणि त्यावर कुणी प्रश्न विचारत नसे. तो नियम मी सोडून दिला. तेव्हा 'कापाकापीची हौस' हा आरोप मला मान्य नाही.

पण त्या अभ्यासात कुणाला घेतलं होतं, हे तुम्हाला आलेल्या मेसेजमध्ये नसतं. प्रत्येकाचं सी.टी. स्कॅन झालेलं होतं आणि ज्यांच्या अपेंडिक्समध्ये खडा दिसला, त्यांना आधीच वगळलं होतं. हा खडा म्हणजे नळीत अडकून कडक झालेला मळ. तो तोंड बंद करतो, आत दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथेच भोक पडतं. रक्तच पोहोचत नसेल तिथे औषध कसं पोहोचणार? 2020 मध्ये अमेरिकेतला 1552 रुग्णांचा अभ्यास आला, त्यात खडा असलेल्यांनाही घेतलं होतं. गोळ्या घेतलेल्यांपैकी खडा नसलेल्या 25 टक्क्यांना आणि खडा असलेल्या 41 टक्क्यांना तीन महिन्यांत ऑपरेशन लागलं. गुंतागुंतीही मुख्यतः खडेवाल्यांमध्येच वाढल्या.

हे सगळं मला माहीत होतं, तेव्हाची एक केस सांगते.

मुलगा तेवीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. मैदानी चाचणी दहा दिवसांवर आलेली. आदल्या संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, जेवण नको झालं, रात्री एक उलटी झाली आणि पहाटेपर्यंत दुखणं खाली उजवीकडे सरकलं. मोटरसायकलवर मागे बसून आला होता. गतिरोधकावर काय झालं विचारलं, तर म्हणाला, "प्रत्येक ठिकाणी जीव गेला." पोटाच्या आतलं आवरण सुजलं की धक्क्यानं अशी कळ येते, म्हणून हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते.

आम्ही अल्वाराडो स्कोअर मांडतो. दहापैकी गुण असतात. दुखणं सरकलं 1, भूक गेली 1, उलटी 1, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं 2, दाबून हात सोडताना कळ येते 1. ताप नव्हता, तिथे शून्य. पांढऱ्या पेशी 13,200 म्हणजे 2, त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी 72 टक्के म्हणजे तिथे शून्य. बेरीज 8. सातच्या वर अपेंडिक्सची शक्यता दाट. सोनोग्राफीत नळी 9 मिलीमीटर जाड आणि प्रोबनं दाबून न दबणारी. सहाच्या वर गेली की आम्ही सुजलेली समजतो. निदानाबद्दल शंका उरली नाही.

पण स्कोअर सांगतो ते इतकंच, की हे अपेंडिक्स आहे. आत खडा आहे का, भिंत कुजायला लागली आहे का, हे तो सांगत नाही. सोनोग्राफीत खडा दिसला तर आहे. नाही दिसला तर नाहीच, असं म्हणता येत नाही. समोर आतड्यातला गॅस आला की त्यामागचं काही दिसत नाही. त्यासाठी सी.टी. हवा आणि सी.टी. जिल्ह्याच्या गावी. मी तो सांगितला, का हवा तेही सांगितलं. वडिलांनी गाडीचा आणि स्कॅनचा खर्च विचारला, मुलानं चाचणीची तारीख सांगितली. ऑपरेशन केलं तर दहा दिवसांनी 1600 मीटर धावणं शक्य नव्हतं. गोळ्यांनी बरं झालं तर निदान आशा होती. त्याचा हिशेब चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. सही झाली, भरती करून सेफ्ट्रायॅक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल शिरेतून सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हसत म्हणाला, "मॅडम, लई हलकं वाटतंय बघा. दुखायचं थांबलं." वडिलांनी नर्सला डिस्चार्ज कधी ते विचारलं होतं. मी नाडी धरली, तर 118. सकाळी 88 होती. बरं वाटणाऱ्या माणसाची नाडी वर जात नाही. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब एकदम सुटतो आणि काही तास दुखणं खरंच कमी होतं. नंतर पू पसरतो आणि सगळं पोट दुखायला लागतं. त्याला खोकायला सांगितलं, तर दोन्ही हातांनी पोट धरलं त्यानं. सकाळी दुखणारी जागा हाताच्या तळव्याएवढी होती, आता बेंबीच्या डावीकडेही पोट कडक लागत होतं.

त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून आत गेलो. ओटीपोटात पू, अपेंडिक्सच्या बुडाशी भोक आणि भोकाशेजारी हरभऱ्याएवढा खडा. पोट धुतलं, पू निचरायला रबरी नळी ठेवली. तो बरा होऊन घरी गेला, पण सहा दिवसांनी. साध्या अपेंडिक्सला बहुतेक वेळा एक-दोन दिवस पुरतात. चाचणी गेलीच.

वडील मला म्हणाले, "पहिल्याच दिवशी कापलं असतं तर?" तेव्हा मी म्हटलं की तरीही चाचणी गेली असती. हे खरं आहे. पहिल्या दिवशी पोटात पू नसता, हेही खरं आहे. दोन्ही मला माहीत असताना मी पहिलंच वाक्य मोठ्यानं म्हटलं.

त्यानंतर मी ठरवलं, सी.टी.शिवाय गोळ्यांचा मार्ग द्यायचा नाही. तुम्हाला ऑपरेशनचा आग्रह वाटतो तो बहुतेक वेळा हाच असतो: स्कॅन होत नाही, मग मी ऑपरेशन सांगते. चाळिशीच्या पुढच्यांना तर जास्तच, कारण त्या वयात अपेंडिक्सच्या सुजेआड कधी गाठही निघते.

पण यावर माझंच मन उलट प्रश्न करतं. सी.टी. झाला असता, खडा दिसला असता, तरी 41 टक्क्यांना ऑपरेशन लागलं म्हणजे शंभरातले 59 तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय निभावले. तो मुलगा ते आकडे ऐकून पुन्हा गोळ्याच म्हणाला असता, आणि मी काय म्हणून नाही म्हटलं असतं? उलट, ज्याला स्कॅन परवडत नाही त्याच्या पोटावर माझ्या नियमामुळे कदाचित गरज नसलेलं ऑपरेशन होतं, आणि ज्याला परवडतो त्याला निवड मिळते. हे मला पटत नाही. नियम मी अजून बदललेला नाही.

म्हणून गोळ्यांसाठी आलात, तर माझे प्रश्न असे असतील: स्कॅन झालाय का, खडा आहे का, घर दवाखान्यापासून किती लांब आहे आणि रात्री अपरात्री गाडी मिळेल का. पहिले दोन दिवस इथेच राहावं लागेल, आणि दुखणं थांबलं म्हणून मी सोडणार नाही. आधी नाडी बघेन.