स्टिकच्या अलीकडे, स्टिकच्या पलीकडे

टेनिसमध्ये चेअर अंपायरला मॅचच्या आधी थोडं सुतारकाम करावं लागतं. मोजपट्टी घेऊन नेटच्या मधोमध जायचं, पांढरा पट्टा ओढून किंवा सैल करून उंची ९१.४ सेंटिमीटर करायची. कोर्टावर डबल्सचं नेट असेल आणि मॅच सिंगल्सची असेल, तर दोन्ही बाजूंना सिंगल्स स्टिक लावायच्या. ही स्टिक म्हणजे १.०७ मीटर उंचीचा साधा दांडा. सिंगल्सच्या साइडलाइनपासून ९१.४ सेंटिमीटर बाहेर तो उभा करायचा आणि नेट त्याच्यावर उचलून टेकवायचं. त्याच्या पलीकडे खऱ्या खांबापर्यंत सुमारे १.३७ मीटर नेट उरतं. त्या तुकड्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या दिवसापर्यंत माझंही जात नव्हतं.

पुण्यातल्या एका क्लबवर बक्षिसाची स्पर्धा चालू होती. सेमीफायनलला एक डावखुरा आणि एक चांगलाच उंच मुलगा. लाइन अंपायर नाहीत, नेटवर सेन्सर नाही, सर्व्हिस नेटच्या वरच्या पट्टीला घासली की नाही हे कानानेच ठरवायचं. मागच्या रस्त्यावर पीएमपीच्या बसने हॉर्न दिला की तेवढा वेळ कान गेलेच म्हणायचे. पण दोघं सरळ होते, पहिला सेट कुरकुरीशिवाय पार पडला.

दुसऱ्या सेटमध्ये उंच मुलाची टोपी उडाली. रॅली चालू असताना ती बेसलाइनच्या आत पडली आणि डावखुऱ्याने हात वर केला. मी "लेट" दिला, पॉइंट परत. नियम असा की प्रतिस्पर्ध्याच्या हातून नकळत घडलेल्या गोष्टीने अडथळा आला, तर पॉइंट पुन्हा खेळायचा. मुद्दाम केलेल्या गोष्टीने आला, तर ज्याला अडथळा झाला त्याला पॉइंट द्यायचा. टोपी कुणी मुद्दाम पाडत नाही. मात्र टोपी घट्ट बसवणं खेळाडूच्या हातात असतं, म्हणून मी त्याला बजावलं, "आता परत पडली तर पॉइंट जाईल." तो हसला आणि टोपी उलटी घातली. डावखुऱ्याने हे सगळं कान देऊन ऐकलं होतं, ते मला नंतर कळलं.

तिसरा सेट, ४-४. डावखुरा सर्व्ह करतोय, ३०-४०. ब्रेक पॉइंट, म्हणजे हा पॉइंट उंच मुलाने घेतला की गेम त्याचा.

चार-पाच फटके झाले आणि डावखुऱ्याने बेसलाइनच्या आतून ड्रॉप शॉट टाकला, भरपूर उलटी फिरकी देऊन. बॉल माझ्याच बाजूला, नेटच्या पट्टीला लागला, क्षणभर वर थांबल्यासारखा झाला आणि उंच मुलाच्या कोर्टात मेल्यासारखा पडला. सर्व्हिसला पट्टी लागून बॉल योग्य चौकोनात पडला तर लेट असतो, पण रॅलीत पट्टी लागून पलीकडे गेलेला बॉल चांगलाच. खेळ चालू. उंच मुलगा धावत सुटला.

तो पोचेपर्यंत बॉल टप्पा घेऊन, फिरकीमुळे नेटवरून परत डावखुऱ्याच्या बाजूला निघाला होता. असा बॉल कुणीही न मारता तिकडे टेकला असता, तर पॉइंट उंच मुलाचा गेला असता, कारण दुसऱ्या टप्प्याआधी तो त्याने मारायला हवा होता. त्याने रॅकेट नेटच्या वरून पलीकडे घातली आणि हवेतच बॉल तिरका, कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला ढकलला. एरवी बॉल नेट ओलांडून आपल्याकडे येण्याआधी मारला की "फाउल शॉट". पण बॉल एकदा आपल्या बाजूला टप्पा घेऊन स्वतःच परत चालला असेल, तर हात पलीकडे नेऊन मारायला पूर्ण मुभा आहे. अट एवढीच की नेटला स्पर्श होता कामा नये आणि पलीकडच्या कोर्टाला पाय लागता कामा नये. एवढं मला त्या क्षणी स्वच्छ आठवत होतं, मी गप्प बसलो.

पण मुलगा सहा फुटांच्या वर, आणि पूर्ण वेगात. तो साइडलाइन ओलांडून थेट माझ्या खुर्चीकडे आला आणि पडू नये म्हणून डाव्या हाताने नेटची पट्टी धरली. माझ्या बुटापासून हातभर अंतरावर. त्याच्या मनगटावरचा घामाने भिजलेला बँड, आवळलेली बोटं आणि हादरलेली पट्टी मला अजून दिसते. बोटांच्या आणि कोर्टाच्या मधे सिंगल्स स्टिक उभी होती.

तिकडे डावखुऱ्याने बॉलकडे दोन पावलं टाकली, हात पाहिला, रॅकेट उंचावली आणि ओरडला, "टच! टच!" आणि थांबला. बॉल टेकला. पुन्हा टेकला. मग मी म्हणालो, "टच. ड्यूस."

हे माझ्या तोंडून का निघालं याचं उत्तर माझ्याकडे आहे. डोक्यात २०१३ च्या फ्रेंच ओपनची नदाल-जोकोविच सेमीफायनल पक्की बसली होती. पाचव्या सेटमध्ये जोकोविच ४-३ ने पुढे, नेटजवळ सोपा फटका मारून त्याने पॉइंट जवळजवळ खिशात घातला, आणि वेगात नेटवर जाऊन आदळला. बॉलचा दुसरा टप्पा अजून पडायचा होता, म्हणजे बॉल खेळात होता. पॉइंट नदालला मिळाला आणि नदालने तो सेट ९-७ ने जिंकला. आम्ही अंपायर मंडळी ते उदाहरण एकमेकांना इतक्यांदा सांगतो की हात नेटवर दिसला, की तोंड आपोआप उघडतं.

उंच मुलगा पट्टी सोडून माझ्याकडे वळला. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "सर, मी स्टिकच्या बाहेर धरलं. रेफरींना बोलवा."

तो "धरलंच नाही" म्हणाला असता, तर मामला तिथेच संपला असता. काय घडलं हे चेअर अंपायर ठरवतो आणि त्यावर अपील नाही. पण जे घडलं त्याला कुठला नियम लागतो, हा प्रश्न रेफरीकडे नेता येतो. पोराला हा फरक माहीत होता.

रेफरी मॅडम शेजारच्या कोर्टवरून आल्या. दोन्ही खेळाडूंना हाताने थांबवून फक्त मला विचारलं, "हात नेमका कुठे होता?"

"स्टिक आणि खांबाच्या मधे."

"स्टिकला लागला?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्या पायाशीच होता, मॅडम."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मग तो नेटला लागलाच नाही."

ऐकायला विचित्र वाटतं, पण नियमाचे शब्द तसेच आहेत. डबल्सच्या नेटवर स्टिक लावून सिंगल्स खेळताना खांब आणि स्टिकच्या बाहेरचं नेट ही कोर्टाभोवतीची कायम वस्तू धरली जाते. कुंपण, बाक, माझी खुर्ची, त्याच रांगेत. कुंपणाला हात लावला म्हणून कुणाचा पॉइंट जात नाही. हात वीतभर आत असता, किंवा स्टिकला नुसता घासला असता, तर माझा "टच" बरोबर ठरला असता.

पुढचा प्रश्न मला जास्त बोचला. "तुम्ही बोललात ते दुसऱ्या टप्प्याच्या आधी की नंतर?" आधी बोललो असेन, तर माझ्या चुकीच्या पुकाराने खेळ थांबला असं झालं असतं आणि पॉइंट पुन्हा खेळवावा लागला असता. मी डोळे मिटून क्रम लावला: हात, आरोळी, टप्पा, टप्पा, मी. हात कुठे आहे हे बघण्यात माझा क्षण गेला होता. "नंतर."

आता डावखुरा पुढे आला आणि त्याचं वकीलपत्र ऐकून मला खरंच कौतुक वाटलं. "मॅडम, नेट हललं, माझं लक्ष गेलं, मी थांबलो. हा अडथळा झाला. आणि सरांनी याला टोपीवरून आधीच सांगितलंय, पुढच्या वेळी पॉइंट जाईल. मग पॉइंट माझा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कारण अडथळा झाला की नाही हा काय घडलं याचा प्रश्न, म्हणजे माझा. मी त्यालाच विचारलं, "तू ओरडलास काय?"

"टच."

"का?"

"मला वाटलं पॉइंट संपला."

"मग तुला बॉल मारता आला नाही, की तू मारला नाहीस?"

तो गप्प झाला. नेट हलल्याने त्याचा फटका बिघडला नव्हता, तो फटक्यापर्यंत गेलाच नव्हता. नियम आपल्या बाजूने आहे असं समजून त्याने स्वतःच खेळ सोडला, आणि ते धाडस ज्याचं त्याच्या अंगावर. टोपीच्या ताकिदीचाही इथे संबंध नव्हता. ती पडणाऱ्या वस्तूंपुरती होती.

उलट त्याची आरोळी त्याच्याच गळ्यात येऊ शकली असती. २०११ च्या यूएस ओपन फायनलमध्ये सेरेना विल्यम्सने जोरदार फटका मारला आणि समॅन्था स्टोसर बॉलपर्यंत पोचण्याआधीच "कम ऑन" अशी आरोळी ठोकली. अंपायर एव्हा असदेराकी यांनी तो अडथळा ठरवून पॉइंट स्टोसरला दिला. सेरेनाला अडथळा आणायचा नव्हता, हे मान्य. पण आरोळी तिने स्वतः ठोकली होती, टोपीसारखी ती आपोआप पडली नव्हती, आणि "मुद्दाम" याचा अर्थ इथे तेवढाच. आमच्या कोर्टावर डावखुरा ओरडला तेव्हा उंच मुलाला मारायला बॉलच नव्हता, म्हणून तो विषय निघाला नाही.

मी माइक नसलेल्या खुर्चीवरून, जमेल तेवढ्या मोठ्याने, सुधारलेला स्कोअर सांगितला. गेम उंच मुलाला, ५-४. प्रेक्षकांत बसलेल्या एका काकांनी "आधी काहीतरी वेगळंच सांगत होते" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. डावखुऱ्याने पुढच्याच गेममध्ये ब्रेक परत मिळवला आणि सेट ७-५ ने घेतला, त्यामुळे माझ्यावर कुणी राग धरला नाही. स्कोअरशीटवर मात्र त्या पॉइंटची खाडाखोड राहिली.

संध्याकाळी त्याच कोर्टवर डबल्स होतं. ग्राउंडवरच्या मामांनी स्टिक काढून कुंपणाला टेकवून ठेवल्या, नेट थोडं खाली बसलं आणि तो १.३७ मीटरचा तुकडा पुन्हा नेट झाला. उंच मुलगा याही मॅचमध्ये होता. दुसऱ्या सेटमध्ये एका आखूड बॉलवर तो सकाळसारखाच माझ्या दिशेने घुसला, डावा हात पट्टीकडे गेला, आणि पट्टीला लागायच्या आत त्याने तो वळवून माझ्या खुर्चीची शिडी धरली. खुर्ची हलली, माझं पेन मांडीवरून खुर्चीखाली पडलं. पॉइंट चालूच होता.