बाळंतिणीच्या खोलीतला धूर

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका आहे. श्रावणातली गोष्ट. आमच्या आशाताई बाळाच्या एकविसाव्या दिवसाच्या गृहभेटीला निघाल्या होत्या, मीही सोबत गेले. बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडलं आणि डोळे चुरचुरले. खिडकी बंद, फटीत फडकी कोंबलेली. कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, वावडिंग आणि लसणीच्या सालींची धुरी नुकतीच झालेली. पाळण्याखाली स्टीलच्या ताटलीत मच्छर अगरबत्तीचं वेटोळं अर्धं जळलेलं. दाराबाहेरच्या पडवीत चूल, आणि पावसाळी ओल्या लाकडांचा धूर आतच येत होता.

बाळाचं नाक चोंदलं होतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कपड्याचं टोक नाकपुडीच्या कडेवरून फिरवलं, तर कपड्यावर काळसर रेघ उमटली. ती मी आजींना दाखवली. एवढं लहान बाळ जवळजवळ पूर्णपणे नाकानंच श्वास घेतं, त्यामुळे चोंदलेलं नाकही त्याला जड जातं.

मग बाळ शांत होईपर्यंत थांबले, झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजली. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करून चालत नाही. तान्ही बाळं मध्येच काही सेकंद श्वास थांबवतात आणि मग भराभर घेतात. आकडा आला ६६. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास, म्हणून पुन्हा मोजला. ६४. श्वास आत घेताना बरगड्यांखालची जागाही खोल जात होती. सून म्हणाली, कालपासून दूध ओढताना दमतो, मध्येच सोडतो.

ही लक्षणं दिसल्यावर घरी बसून वाट पाहायची नसते. १०८ बोलावली. गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं. रुग्णालयात न्यूमोनिया निघाला. प्राणवायू आणि इंजेक्शनं सुरू झाली.

धुरामुळेच झाला, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. पण श्वासनळीच्या आतल्या बारीक केसांचं काम जंतू आणि घाण बाहेर ढकलणं, आणि धूर त्यांना लुळं करतो. बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं, म्हणजे वजनाच्या मानानं जास्त धूर ओढतं. मच्छर अगरबत्तीचं एक वेटोळं जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत सोडतं, असं मोजमाप झालेलं आहे. आणि शेगडीचा धूर दिसेनासा झाला तरी निखारे बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला वास नाही, रंग नाही.

बाळ घरी आल्यावर मी पुन्हा गेले. आजी म्हणाल्या, "आमची पाच पोरां ह्या धुरीतच वाढली मा!" त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटलं नाही. धुरीमागे त्यांची काळजी होती, बाळाला ऊब हवी आणि डास नकोत. दोन्ही गरजा खऱ्याच. म्हणून प्रत्येकीचा वेगळा उपाय बसवला. उबेसाठी आंघोळ झटपट, लगेच कोरडं पुसणं, टोपडं, मोजे आणि आईच्या अंगाशी धरणं. डासांसाठी मच्छरदाणी, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, आणि खिडकीला जाळी. सुनेनं विचारलं, मग मशीनमधलं लिक्विड चालेल? त्यातही कीटकनाशकच असतं, एवढ्या लहान बाळाच्या बंद खोलीत नको, मच्छरदाणी पुरते. कडुलिंबाच्या पाल्याचा धूरही धूरच.

चूल मात्र लगेच हलणार नव्हती. गॅस होता, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच तापायचं. सर्वांत जास्त धूर चूल पेटताना आणि लाकडं विझताना होतो, तेवढा वेळ बाळाला घेऊन पुढच्या ओसरीवर बसायचं ठरलं. पडवीकडचं दार बंद, समोरची खिडकी उघडी. सुकी लाकडं माळ्यावर वेगळी ठेवायची, हे आजींनीच सुचवलं.

पुढच्या भेटीत श्वास मोजला, ४४. दूध नीट ओढत होता. आजींचा शेवटचा प्रश्न गणपतीचा होता. माझ्या मते देवापुढं तेलाची समई पुरे होती, पण धूपाशिवाय आरती त्यांच्या मनाला पटेना. शेवटी धूप आणि कापूर बाहेर तुळशीपाशी लावायचा, आणि आरती आटपेपर्यंत सुनेनं बाळाला घेऊन शेजारच्या काकींकडे बसायचं, यावर दोघींचं जमलं.