तुम्ही विचारलंत म्हणून: सहाच जागा का?

"ताई, मी आयुष्यात कधी मातीला हात लावलेला नाही. दोन दिवसांत काही जमेल का? आणि सहाच जण कशाला, फी एवढी कशाची?"

फोटोखाली मी दर वेळी तेच टाकते: चाकावर मातीची भांडी, शनिवार-रविवार, सकाळी १० ते १, फक्त ६ जागा, ३२०० रुपये, नवख्यांसाठी. पण त्यात उत्तर मावत नाही.

जमेल. फक्त 'जमेल' म्हणजे काय ते आधी ऐका. शनिवारचा पहिला तास तुम्ही भांडं करणारच नाही, नुसता गोळा चाकाच्या मध्यावर आणत बसाल. अर्ध्या किलोचा, नीट मळलेला गोळा चाकाच्या कोरड्या थाळीवर आपटायचा, हात ओले करायचे आणि फिरत्या मातीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं. ढकलायचं नाही, धरायचं. तिथेच सगळ्यांची गल्लत होते. गोळा जरा जरी एका बाजूला असेल तरी प्रत्येक फेऱ्याला तो हाताला धक्का देतो, हात त्याच्याबरोबर हलतो, आणि हाताबरोबर गोळा आणखी वाकडा होतो. म्हणून डावं कोपर मांडीत घट्ट रोवायला सांगते. मनगटाच्या ताकदीवर हे होत नाही, अंगाचा भार लागतो. जमलं की कळतंच: हात नुसता टेकवून ठेवला तरी धक्का बसत नाही, आणि चाक फिरतंय की थांबलंय हे बघून सांगता येत नाही.

सहा जागांचं कारण या तासातच आहे. हे पाहून शिकता येत नाही. मला तुमच्या हातांवर हात ठेवावे लागतात, दाब किती हे त्याशिवाय कळत नाही. माझी चाकं सहा आहेत. एकदा हौसेने दहा जणांना घेतलं, दोघांत एक चाक दिलं. निम्मे लोक वाट बघत बसले, आणि ज्यांच्याकडे मी वेळेत पोचले नाही त्यांनी पाणी ओतून ओतून गोळ्याचा राडा केला. माती घसरते म्हणून पाणी घालायचं नसतं, हात सुकला म्हणून घालायचं असतं. त्या दिवशी हे वाक्य मी तीसेक वेळा तरी म्हटलं असेल.

मध्य साधला की अंगठ्याने खोल करायचं, तळ सुमारे एक सेंटिमीटर ठेवायचा आणि तो बोटांनी दाबून घ्यायचा. हे दाबणं कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात. मग वाळताना तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी भेग पडते आणि भांडं गेलं. त्यानंतर भिंत वर उचलायची, तीन उचलींत. चौथी, पाचवी केलीत तर माती पाणी पिऊन थकते आणि काठ बसतो.

आता जरा रागाची गोष्ट. तुमचं पहिलं भांडं मी तारेने उभं कापायला लावते. "अहो, किती छान झालं होतं!" हे दर वेळी ऐकते. पण कापल्यावर दिसतं ते दुसरीकडे कुठेच दिसत नाही: खाली दीड सेंटिमीटर जाड भिंत आणि वर काठाशी बोर्नव्हिटाच्या डब्यावरच्या झाकणाइतकी पातळ. माती खालीच राहिली, वर आलीच नाही. एकदा ते पाहिलं की दुसऱ्या गोळ्याला बोटं आपोआप खालून दाब द्यायला लागतात. शनिवारी चार गोळे मिळतात. त्यातली दोन भांडी ठेवायची, बाकीची माती परत बादलीत.

दोन दिवस हवेत ते रात्रीसाठी. रविवारी भांडं ओल्या खोबऱ्यासारखं घट्ट झालेलं लागतं, म्हणजे ते पालथं घालून तळ तासता येतो. मेमध्ये मी रात्री प्लॅस्टिक झाकते, नाहीतर सकाळी ते कडक मिळतं. जुलैत उघडं ठेवूनही कधी कधी मऊच राहतं आणि मला पंखा लावून बसावं लागतं. तासताना तळावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा: जाड तळ बद्द वाजतो, पातळ झाला की आवाज पोकळ येतो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं ओळखल्याची कथा आपण लहानपणी ऐकतो. माझ्याकडे नामदेवांवर अन्याय झाला असं म्हणणारे दर वेळी एकदोन जण निघतात.

रविवारी एकला तुम्ही रिकाम्या हाताने घरी जाता. हे आधीच सांगते, नंतर रुसवा नको. भांडं नुसतं वाळायलाच आठ-दहा दिवस जातात. गालाला लावून थंड लागलं तर आत पाणी आहे, भट्टीत ठेवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी घाई केली. एका बाईंनी मुलासाठी भरीव हत्ती केला होता, बाहेरून खडखडीत, पोटात ओला. शंभर अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ झाली, हत्ती फुटला आणि शेजारचे दोन वाडगे घेऊन गेला. मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटतं असं सगळे म्हणतात, पण खरी दोषी ओलच. तेव्हापासून भरीव काही केलं तर मी ते आतून कोरून घेते.

कोरडं झालं की पहिली भाजणी ९५० अंशांना. मग मी ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा थर होणाऱ्या लेपात बुडवते, तळ पुसते, कारण तळाला ग्लेझ राहिलं तर भांडं शेल्फला चिकटतं. दुसरी भाजणी १२२० अंशांना. त्यानंतर भट्टी पूर्ण एक दिवस बंदच ठेवते, कितीही उत्सुकता असली तरी. साधारण चार आठवड्यांनी तुम्हाला निरोप येतो.

३२०० रुपये कशाचे, याचं उत्तर या चार आठवड्यांत आहे. माती यातला सगळ्यात स्वस्त भाग. दोन भाजण्यांचं विजेचं बिल, ग्लेझ, आणि तुम्ही गेल्यावर बारा भांड्यांमागे माझे चारेक दिवस. त्यातही एखादं भांडं भट्टीत जातंच. तसं झालं तर पुढच्या वेळी एक चाक तुमच्यासाठी अर्धा दिवस मोकळं ठेवते, पैसे न घेता. फी परत मात्र देत नाही, हे तोंडावर सांगितलेलं बरं. कंबरदुखी असेल तर नोंदणी करतानाच कळवा, चाकाऐवजी हाताने भांडं घडवायला बसवते.

परवा एकजण भांडं न्यायला आले. त्यांनी चाकावरून काढताना वाडगा पट्टीने मोजला होता, काठाशी १४ सेंटिमीटर. आता मोजला तर १२ च्या जरा वर. "हा माझाच ना?" वाळताना आणि भाजताना मिळून ही माती बारा टक्के आटते. तळ उलटा करून दाखवला, त्यांनी स्वतः कोरलेला 'स' तिथे होता, तोही आटलेला.

पुढची जागा हवी असेल तर तारीख सांगा. आणि आदल्या रात्री नखं कापून या.