पी ०.१८, म्हणून दोन्ही सारखे?

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या मेडिकल कॉलेजातले रेसिडेंट संख्याशास्त्राच्या टेबलाशी रांग लावतात. बहुतेकांना फक्त सही हवी असते. त्या दिवशी प्रसूतिशास्त्राची एक रेसिडेंट आली, तिलाही तेवढंच हवं होतं.

विषय चांगला होता. रक्तक्षय असलेल्या गर्भवतींना लोहाची गोळी रोज द्यावी की एक दिवसाआड? गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीचं लोहाचं शोषण रोखतं. त्यामुळे एक दिवसाआड गोळी देऊनही भागेल, मळमळही कमी होईल, असा विचार. प्रत्येक गटात ३१ जणी. रोजच्या गटात हिमोग्लोबिन सरासरी १.६ ग्रॅमने वाढलं, दुसऱ्या गटात १.२ ने. टी-टेस्टची पी-व्हॅल्यू ०.१८.

तिने रिझल्टमध्ये लिहिलं होतं, "हा फरक योगायोगाने आला असण्याची शक्यता १८ टक्के." आणि निष्कर्षात, "दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत."

मी म्हटलं, "अगं, पहिलं वाक्य खरं धरलं तर फरक खरा असण्याची शक्यता ८२ टक्के होते. मग खाली सारख्याच कशा?"

ती दोन्ही वाक्यं पुन्हा वाचत राहिली. "सर, पण पी ०.०५ पेक्षा जास्त आहे ना?"

आहे. पण तो आकडा काढतानाच आपण धरून चाललेलो असतो की दोन्ही पद्धतींत काही फरक नाही. तसं असताना ६२ जणींच्या अभ्यासात ०.४ इतका किंवा त्याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूला, दिसायची शक्यता १८ टक्के. एवढंच ते सांगतं. जे धरून चाललो ते कितपत खरं आहे, हे त्याच आकड्यातून निघणार कसं? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली हे जाहीर निवेदन काढून सांगितलं, तरी आमच्याकडच्या थिसिसमध्ये हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवलं जातं.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. तिला दाखवायचं होतं की एक दिवसाआड गोळी रोजच्यापेक्षा फारशी कमी पडत नाही. आणि नल हायपोथिसिस घेतली होती "फरक नाही" अशी. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलं. अशा मांडणीत अभ्यास जितका लहान आणि ढिसाळ, तितकं "सारखेच" म्हणणं सोपं. इथे नल उलटी हवी: एक दिवसाआड गोळी ठरावीक मर्यादेइतकी किंवा त्याहून जास्त कमी पडते. ती फेटाळता आली, तरच दावा उभा राहतो.

ही मर्यादा कुठून आणायची? मी सिनॉप्सिस उघडायला लावला. त्यात "०.५ ग्रॅमचा फरक उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा" असं लिहिलेलं होतं आणि एथिक्स कमिटीची मंजुरीही त्यालाच होती. मग तिच्याच लॅपटॉपवर:

```r
t.test(daily, alt, mu = 0.5,
       alternative = "less")
```

पी आली ०.३७. फेटाळायला पुरेसा पुरावा नाही. फरकाचा ९५ टक्के विश्वासांतराल उणे ०.१८ ते ०.९८. म्हणजे एक दिवसाआडची गोळी किंचित सरस असू शकते, तशीच जवळजवळ एक ग्रॅमने कमीही पडू शकते. दोन्ही शक्यता या आकड्यांशी जुळतात.

इतकी रुंदी का, तेही सिनॉप्सिसमध्येच सापडलं. प्रमाण विचलन जुन्या पेपरवरून ०.७ धरलं होतं, त्यावरून गटाला ३१ आले. प्रत्यक्षात ते १.२ च्या आसपास निघालं. त्या हिशेबाने गटाला साधारण ९० हव्या होत्या.

संध्याकाळी तिच्या गाइडांचा फोन आला. मॅडम हुशार, अंतरालाचं वरचं टोक त्यांनी लगेच हेरलं होतं. "मर्यादा एक ग्रॅम धरली तर बसतंय की!"

"बसतंय मॅडम. पण डेटा बघून ठरवलेली मर्यादा मी कशी धरू? आणि एक ग्रॅमचा तोटा तुम्ही पेशंटला चालवून घ्याल का?"

"नाही हो, एक ग्रॅम फार झाला." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मग लिहायचं काय?"

मी सांगितलं ते त्यांनी तसंच उतरवून घेतलं: "रोजच्या गटात वाढ सरासरी ०.४ ग्रॅमने जास्त दिसली (९५ टक्के विश्वासांतराल −०.१८ ते ०.९८). एक दिवसाआड गोळी ०.५ ग्रॅमपेक्षा कमी फरकाने मागे आहे, असं या अभ्यासातून दाखवता आलेलं नाही." मळमळीचा तक्ता वेगळा होता, त्याला हात लावायची गरज नव्हती. शीर्षकातलं "समान परिणामकारक" मात्र काढायला लावलं आणि मगच सही केली.