साडेचार मिनिटं कुठे गेली?

बी.एस्सी.ला फिजिकल केमिस्ट्रीच्या चाचणीत तीन भागांचा प्रश्न आला होता. पहिल्या ऑर्डरची रिअ‍ॅक्शन, ३०० केल्विनवरून ३१० वर नेली की वेग दुप्पट. पहिल्या भागात अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी काढायची. मग ३०० ला `k` ०.००१५ प्रति मिनिट धरून ३५० चा `k`, आणि शेवटी ३५० ला हाफ-लाइफ. माझं उत्तर आलं १७ मिनिटं, सरांचं २१.५. सूत्रं तर सगळी बरोबर होती.

घरी येऊन ओळ न् ओळ तपासली. घोळ अगदी वरच होता. १/३०० म्हणून मी ०.००३३ लिहिलं, १/३१० म्हणून ०.००३२, आणि वजाबाकी ०.०००१. प्रत्येकात दोन आकडे ठेवले म्हणून निर्धास्त होतो, पण वजाबाकीत पुढचा ३ उडाला आणि हातात एकच आकडा उरला. खरी वजाबाकी ०.०००१०७५ येते. त्यामुळे ५३.६ किलोज्यूलच्या जागी माझी एनर्जी ५७.६ झाली.

चूक साडेसात टक्क्यांची. पण दुसऱ्या भागात हीच एनर्जी `e` च्या घातांकात बसते. तिथे ३.०७ ऐवजी ३.३० आलं, आणि वेग साडेएकवीस पट वाढायचा तो माझ्या वहीत सत्तावीस पट वाढला. हाफ-लाइफ `k` च्या व्यस्त, म्हणून ती तेवढीच आखूड झाली.

सर म्हणाले, "अरे, वजाबाकी करतोसच कशाला? छेद समान कर." म्हणजे १०/(३०० × ३१०). राउंडिंगला जागाच नाही. ते ऐकल्यावर तोच प्रश्न मी एनर्जी न काढता सोडवून पाहिला. दोन्ही भागांची समीकरणं एकमेकांनी भागली की `R` आणि एनर्जी दोन्ही उडतात, उरतं २ चा ३१/७ वा घात, म्हणजे वेग २१.५३ पट. तेव्हापासून उत्तर ताडायला मी ही दुसरी वाट वापरतो.

आता उत्तरपत्रिकेत ५३.६ लिहितो, पण कॅल्क्युलेटरमधला पूर्ण आकडा `STO` करून `A` मध्ये टाकतो आणि पुढे `A` च वापरतो. आधी नुसत्या `Ans` वर विसंबायचो. मध्ये एखादा किरकोळ गुणाकार केला की `Ans` बदलतं, आणि ते लक्षातही येत नाही. ०.००१५ मध्ये दोनच सार्थ अंक असल्यामुळे शेवटी २१.४५९ वगैरे लिहिण्यात काही अर्थ नसतो. खरं तर २१ पुरे. सरांनी मात्र २१.५ लिहिलं होतं, म्हणून मीही तेच लिहितो.