तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नाशीतला धंदा

"वय ४९. नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. पण आता हा पोराटोरांचा खेळ झालाय. उशीर झाला का?"

या प्रश्नावर मी नुसतं वय ऐकून कधी हो-नाही म्हणत नाही, आणि त्याचा लोकांना राग येतो. टाळाटाळ वाटते. मग ते मला तो प्रसिद्ध आकडा ऐकवतात: यशस्वी संस्थापकांचं सरासरी वय ४५. म्हणजे झालंच की!

थांबा. आकडा खरा आहे. अझूले, जोन्स, किम आणि मिरांडा या चौघांनी अमेरिकेच्या जनगणना खात्याची आणि कराची माहिती जोडून तो काढला, २०२० साली तो छापून आला. किमान एक माणूस पगारावर ठेवणाऱ्या कंपन्यांचे सुमारे २७ लाख संस्थापक त्यांनी मोजले. धंदा सुरू करताना त्यांचं सरासरी वय होतं ४१.९. त्यांतल्या सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं ४५. पण सरासरीवरून शक्यता कळत नाही. चाळिशीतले लोक मुळातच जास्त संख्येने धंदा सुरू करत असतील, तर यशस्वी लोकांतही तेच जास्त दिसणार. त्यासाठी प्रत्येक वयात किती जणांनी सुरुवात केली आणि त्यांतले किती वर गेले, हे पाहावं लागतं. त्यांनी तेही पाहिलं: पन्नास वर्षांच्या संस्थापकाची वर पोचण्याची शक्यता तीस वर्षांच्या संस्थापकाच्या १.८ पट.

आता १.८ पट कशाच्या, तेही बघा. समजा तिशीतल्या हजारांपैकी एक जण वर जातो. मग पन्नाशीतल्या हजारांपैकी दोघेसुद्धा पुरते जात नाहीत. उरलेल्या ९९८ जणांबद्दल हा आकडा अवाक्षर काढत नाही. शिवाय इथे 'यश' म्हणजे झपाट्याने वाढलेली कंपनी. सांगलीत बारा कामगारांचं वर्कशॉप वीस वर्षं नीट चालवून दोन मुलांची शिक्षणं करणारा माणूस या हिशेबात यशस्वी धरलेला नाही. मी त्याला धरतो, पण तो वेगळा वाद झाला.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते, आणि ती कोणी मला पाठवत नाही. नेमक्या त्याच धंद्यात आधी किमान तीन वर्षं काम केलेल्यांची वर जाण्याची शक्यता, त्या धंद्याचा काहीच अनुभव नसलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. आणि अनुभव जितका जवळचा, तितका फायदा जास्त. औषध कंपनीच्या खरेदी विभागात बावीस वर्षं काढून हॉटेल काढणाऱ्याच्या खात्यात या हिशेबाने जवळपास शून्य वर्षं जमा असतात. 'कॉर्पोरेट अनुभव' नावाचं नाणं तिथे चालत नाही.

हे कसं घडतं ते मॉरिस चँगच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. कॉम्प्युटर-मोबाइलमधल्या चिप बनवून देणारी तैवानची टीएसएमसी ही कंपनी त्याने १९८७ मध्ये सुरू केली, तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. भाषणांत इथेच टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. खरी गोष्ट आधीच्या तीस वर्षांत आहे.

१९५८ साली तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत लागला. तिथे आयबीएमसाठी ट्रान्झिस्टर बनवण्याच्या लाइनवर जवळजवळ सगळा माल रिजेक्ट होत होता. त्याने तापमान आणि दाब थोडाथोडा बदलत, प्रत्येक बदलाची नोंद ठेवत चांगल्या मालाचं प्रमाण २०-२५ टक्क्यांपर्यंत नेलं. बाहेरच्याला हे फार वाटणार नाही, पण आयबीएमच्या स्वतःच्या कारखान्यातही तेवढं निघत नव्हतं. पुढे सबंध सेमीकंडक्टर विभाग, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि चिप बनवणारा विभाग, त्याच्या हाती आला. उत्पादन वाढतं तसा नगामागचा खर्च उतरतो, म्हणून आधीच भाव पाडून ऑर्डरी ओढायच्या, हे गणित त्याने तिथे पक्कं केलं. मग १९७८ मध्ये त्याला कॅल्क्युलेटर आणि घरगुती कॉम्प्युटरच्या विभागात हलवलं. तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. पंचवीस वर्षांनंतर, बावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने कंपनी सोडली. वरचा दरवाजा बंद झालेला आणि हाताशी स्वतःचा धंदा नाही, अशी अवस्था.

नंतर जनरल इन्स्ट्रुमेंट या दुसऱ्या अमेरिकी कंपनीत असताना एक माणूस त्याच्याकडे चिपची कंपनी काढायला ५ कोटी डॉलर मागायला आला. काही आठवड्यांनी तोच म्हणाला की आता फार तर ५० लाख पुरतील, कारण मी फक्त डिझाइन करणार, कारखाना काढणार नाही. दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. चँगला त्यात गिऱ्हाईक दिसलं: डिझाइन करणारे असे अनेक निघतील आणि त्यांना माल बनवून देणारा कोणीतरी लागेल. १९८५ मध्ये तैवान सरकारने बोलावल्यावर त्याने तिथल्या सरकारी संशोधन संस्थेची बाजू तपासली. संशोधनात मागे, डिझाइनमध्ये कच्चे, विक्रीत शून्य. बरं काही असलंच तर फक्त उत्पादन. म्हणून कंपनीने स्वतःची चिप बनवायचीच नाही, निव्वळ जॉबवर्क करायचं असं ठरलं. आपल्या एमआयडीसीतल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही, पण चिपच्या धंद्यात तोवर निव्वळ तेवढंच करणारी कंपनी उभी राहिली नव्हती.

आता माझ्याच युक्तिवादाला छेद देतो. पैसे उभे करायला वय आणि नाव पुरलं नाही. चिप बनवणाऱ्या इंटेलने नकार दिला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही दिला. सुमारे ४८ टक्के भांडवल सरकारचं आलं, सुमारे २८ टक्के फिलिप्सचं, आणि बाकीचं तिथल्या उद्योगपतींनी घातलं, तेही सरकारने गळ घातल्यावर. असा पाठीराखा तुम्हाला-मला मिळत नाही. मग त्याच्या यशात वय किती, अनुभव किती आणि सरकार किती? माझ्याकडे याचं एकच उत्तर टिकत नाही. कधी वाटतं, अनुभव नसता तर ते पैसे बुडाले असते. कधी वाटतं, पैसे नसते तर तो अनुभव पेन्शनीत गेला असता.

पोरांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो मी नाकारत नाही. त्याच अभ्यासात सॉफ्टवेअरमधल्या संस्थापकांचं सरासरी वय चाळिशीच्या आसपास, तर तेल-वायू आणि जैवतंत्रज्ञानात सत्तेचाळिशीच्या जवळ येतं. जिथे यंत्रसामग्री, परवाने आणि जुनी गिऱ्हाइकं मोजली जातात तिथे वय उपयोगी पडतं. जिथे धंदाच कालपरवाचा आहे, तिथे अनुभवी कोणीच नसतो.

म्हणून मला वय सांगण्याऐवजी हे सांगा. तुमच्या मालाला आज गिऱ्हाईक काय भाव देतं, आणि पैसे किती दिवसांनी देतं? माल नापास कुठे होतो, आणि ते तुम्ही स्वतः कधी दुरुस्त केलंय का? पहिली ऑर्डर कोण देणार? "देईल कोणीतरी" नको, माणसाचं नाव हवं. तिन्ही उत्तरं विचार न करता आली तर ४९ हे वय चांगलं आहे. अडखळलात तर त्या धंद्यात आधी दोन-तीन वर्षं नोकरी करा, कमी पगारावर का होईना. कर्जासाठी वयाची अडचण सांगू नका. नव्या धंद्याच्या कर्जाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएमईजीपी योजनेत किमान वय १८ आहे, कमाल मर्यादाच नाही.

आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावू की नको, हा जो पुढचा प्रश्न येतो, त्यावर माझं उत्तर 'नको' असंच आहे. पंचविशीत बुडालेला माणूस पुन्हा नोकरी धरतो आणि फेडतो. बावन्नाव्या वर्षी बुडालेल्याला मुलाखतीलाही बोलावत नाहीत. त्या २७ लाखांतल्या बुडालेल्यांच्या घरांत पुढे काय झालं, हे १.८ च्या आकड्यात कुठेच येत नाही.