तुम्ही विचारलंत म्हणून: घोट्याची सूज उतरल्यानंतर

"सर, सूज उतरली, दुखत नाही म्हणतोय. मग पोराला मॅचमध्ये का उतरवत नाही? एका पायावर उभं राहून कोणी फुटबॉल शिकतं का?"

विचारणाऱ्या वडिलांपैकी बरेच जण स्वतः चिमणबागेच्या मैदानावर खेळलेले आहेत. पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणतं किंवा फाटतं, हे त्यांना मी सांगायला नको. आमचं भांडण सुरू होतं ते त्यानंतरच्या दिवसांवरून.

पाऊल कुठे आणि किती तिरकं आहे, हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकं त्या लिगामेंटमध्येच असतात. लिगामेंट फाटलं की तीही दुखावतात. सूज आणि दुखणं लवकर जातं, ही जाण उशिरा परतते. शिवाय घोटा मुरगळतो तो पापणी लवायच्या आत. तेवढ्यात पायाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जागे होऊन पाऊल सावरू शकत नाहीत. पाऊल टेकण्याआधीच ते ताणलेले असावे लागतात. एका पायावर उभं करतो ते या सवयीसाठी.

आता आमच्या राइट बॅकची हकीकत. वय सोळा, घर रामबागेत. विंगवरून धावताना समोरच्याचा टॅकल त्याच्या नडगीच्या आतल्या बाजूला बसला, त्याच क्षणी पाऊल टेकत होतं, आणि ते बाहेरच्या कडेवर कोलमडलं. फुटबॉलमध्ये घोटे असेच जास्त जातात. मी बूट काढून घोट्याच्या दोन्ही हाडांची टोकं आणि मागच्या कडा दाबल्या, मग करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर येणारा हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड. तिथे दुखलं नाही. दुखलं ते बाहेरच्या हाडाच्या पुढे, खालच्या खळग्यात. लंगडत का होईना, चार पावलं टाकली. यातलं एखादं हाड दुखलं किंवा चार पावलं जमली नाहीत, तर एक्स-रे. हा नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडला. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग असतो, तिथे तर मी जास्तच घाबरतो.

फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. एवढं सांगून घरी पाठवला. घरी आजीने आंबेहळदीचा गरम लेप लावला. लेपाला माझा विरोध नाही, पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या गरम लेपाला आहे. तिसऱ्या दिवशी त्याला पहलवानाकडे नेऊन पाय खसाखसा चोळून घेतला. संध्याकाळी बोटांपर्यंत काळानिळा झालेला पाय मला दाखवायला आणला, तोही "बघा, खराब रक्त बाहेर आलं" म्हणून.

तरी दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सूज गेली. सरळ रेषेत पोरगं मस्त धावत होतं. मी त्याला अनवाणी उभं केलं, डोळे मिटायला सांगितले. चांगल्या पायावर वीस मोजेपर्यंत उभा राहिला. दुखऱ्या पायावर चारला हात पसरले, पाचला पाय टेकला. वडील शेजारीच होते. म्हणाले, "सर, मॅच काय डोळे मिटून खेळायची आहे?"

प्रश्न बिनतोड आहे, हसलोही. पण मैदानावर डोळे पायाकडे नसतात, चेंडूकडे आणि समोरच्याकडे असतात. घोट्याला न बघताच उभं राहावं लागतं. हे त्यांना पटलं नाही.

त्या रविवारी तो दुसऱ्याच टीमकडून उतरला. नवे, घोट्यापर्यंत मोज्यासारखी कॉलर असलेले बूट आणून दिले होते. ती विणलेली कॉलर पायाला घट्ट वाटते, लिगामेंटला आधार देत नाही. खालचे स्टड लांब, मऊ गवतासाठीचे. आपली काळी माती उन्हात वाळून दगड होते, त्यात ते रुततच नाहीत. खेळाडू उंच, डुगडुगत्या आधारावर उभा राहतो. अशा मैदानावर आखूड आणि जास्त स्टडचा बूट हवा, टाचेत घट्ट बसणारा.

टेपही लावली होती, घरून निघताना, पाऊल लोंबकळत ठेवून. टेप लावताना पाऊल नडगीशी काटकोनात हवं. वर नडगीभोवती बांधणीची पट्टी, मग आतून टाचेखालून बाहेर वर ओढून घेतलेल्या पट्ट्या, म्हणजे पाऊल आत वळताना अडतं, आणि शेवटी टाच धरणारे वेढे. बोटं निळी पडत नाहीत ना, बघायचं. इतकं नीट केलं तरी घाम आणि धावपळ यांनी अर्ध्या तासात टेप बरीच सैल होते. त्याची तर वॉर्मअपलाच सैल झाली असणार.

दुसऱ्या हाफमध्ये, जवळ कोणी नसताना, वळताना घोटा पुन्हा गेला. या वेळी चार पावलं नाही, एकही टाकता येईना. करंगळीकडच्या त्या उंचवट्यावर बोट ठेवताच ओरडला. एक्स-रेत तिथल्या हाडाचा तुकडा निघालेला दिसला. मी काही म्हणालो नाही. वडील म्हणाले, "टेप असूनही झालं!" म्हणजे दोष टेपचा.

टेप आणि ब्रेस मी नाकारत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉलपटूंवरच्या 1994 च्या अभ्यासात, आधी घोटा मुरगळलेल्यांना ब्रेसचा मोठा फायदा झाला, कधीच न मुरगळलेल्यांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये 1985 लाच दिसलं होतं की, आधी दुखापत झालेले खेळाडू डगमगत्या फळीवर तोल साधायचा सराव करतात तेव्हा त्यांची पुन्हा मुरगळण्याची शक्यता घटते. मग एकच का निवडायचं? परतल्यावरचे काही महिने ब्रेस, आणि सराव रोजचा.

आमच्याकडे फळी नाही. आधी सपाट जमिनीवर तीस सेकंद, डोळे उघडे, मग मिटून. मग दुमडलेल्या गादीवर. मग एका पायावर उभं राहून जोडीदाराशी चेंडूची फेकाफेक, शेवटी जोडीदार हळूच धक्का देतो. शेवटचे दोन प्रकार फिफाच्या 11+ वॉर्मअपमध्येही आहेत. परतीआधी जमिनीवर खडूने रेघ मारतो. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे जितका नेता येईल तितका न्यायचा. दोन्ही बाजूंत चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर मॅच नाही. त्यानंतर एका पायावर आडव्या उड्या.

आता तुमचा हुकमी पत्ता: "सर, तुम्ही तर क्रेप बांधून फायनल खेळला होतात." खेळलो, जिंकलोही, आणि तेव्हा कोणी खडू घेऊन आला असता तर त्याला मैदानाबाहेर काढला असता. त्या विशीतल्या मुलाशी मी आजही वाद घालतो. तो म्हणतो, फायनल एकदाच येते. मी म्हणतो, माझा डावा घोटा खडबडीत रस्त्यावर अजून दगा देतो. तो म्हणतो, चालेल. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि खडूच्या रेघेत पास झालेली दोन पोरं माझ्याच देखरेखीखाली पुन्हा मुरगळली आहेत, हेही खरं. शक्यता कमी होते, संपत नाही. राइट बॅकचं हाड जुळलंय, सध्या तो गादीवर आहे. वडील फोनवर तारीख मागतात. मी त्यांना सेंटिमीटर सांगतो, ते चिडतात.